ऑइलपेंटच्या पट्ट्याखालच्या मुली

एका आईनं मला प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मला माहीत नव्हतं, तरी माहीत असल्यासारखं मी दिलं. त्या उत्तरानं तिच्या मुलीचा खेळ बंद झाला. मी खोटं बोललो नाही, मला तेव्हा ते खरंच वाटत होतं. पण त्यानं माझी चूक हलकी होत नाही.

खोपोलीच्या अलीकडे, खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी खेळाचा शिक्षक आहे. शाळेच्या हॉलमध्ये मी मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवायचो. साहित्य बेताचंच होतं. गाद्या होत्या, त्यातल्या दोन कडेनं फाटलेल्या. गावातल्या सुतारानं करून दिलेला, वर तोल सांभाळत चालायचा लाकडी बीम होता, त्यावर गोधडीचं कापड गुंडाळून ठोकलेलं. पण मुली जिल्ह्यापर्यंत जायच्या, आणि एकदोघी त्याच्याही पुढं गेल्या.

दर जूनमध्ये मी नव्या मुली निवडायचो. हॉलच्या भिंतींना खालून अर्ध्यापर्यंत हिरवा ऑइलपेंट आहे आणि वर चुना. पाचवीच्या मुलींना मी भिंतीला पाठ लावून उभं करायचो. जिचं डोकं हिरव्या पट्ट्याच्या खाली राहायचं ती माझ्याकडे, जिचं वर जायचं ती खो-खो किंवा व्हॉलीबॉलला. अंगानं लहान मुलगी हवेत चटकन फिरते, तिचं वजन तिच्या हातांना पेलतं, हे मला अनुभवानं कळलेलं होतं. पट्टा वापरण्यात मला काही वावगं वाटत नव्हतं, आणि निवड झाली की मी तो विसरूनही जायचो.

ती मुलगी पट्ट्याच्या बरीच खाली होती. वडील कारखान्यात कामाला, आई घरची भातशेती बघायची. पहिल्याच आठवड्यात तिनं न घाबरता मागं कमान टाकली आणि गादीवरून उठून मला विचारलं, "सर, आता कुठलं?" पुढची काही वर्षं ती मला हेच विचारत राहिली. बीमवर ती चालायला लागली की खो-खोच्या मुलीसुद्धा दारात येऊन उभ्या राहायच्या.

ती नववीत गेली तेव्हा राज्याच्या निवड चाचणीची तयारी चालू होती. त्याच उन्हाळ्यात कर्जतकडे एका लग्नात तिच्या मामानं तिला इतर भाच्यांच्या रांगेत उभी पाहिली. नववीच्या वर्गातल्या मुलीही वाढल्या होत्या, ही होती तिथंच होती. बाकीच्या मुलींना पाळी सुरू झाली होती, हिला अजून नव्हती. हे मला शाळेतल्या बाईंकडून कळलं. लग्नानंतर मामा आणि आई दोघंही शाळेत आली. मामा दारातूनच म्हणाला, "काय मास्तर, पोरीला कोंबडीगत डालग्याखाली झाकून ठेवलीय का रं तुमी? वाडायलाच तयार नाय."

आई हसली नाही. ती हॉलच्या पायरीवर बसली, पदर सारखा करत म्हणाली, "सर, तुमी इतक्या पोरी बघितल्या. खरं सांगा. ह्या उड्यांनीच खुंटली का ती? लोक म्हनतात, हाडं दबतात."

इथं मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. लहानपणी मी मल्लखांब करायचो. पुढं पोलीस भरतीला गेलो आणि उंचीत थोडक्यात बाद झालो. त्या दिवसापासून मी मनाशी धरून बसलो होतो की मल्लखांबानं माझी उंची खाल्ली. माझे वडील माझ्या कानापर्यंत यायचे. ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर आयुष्यभर होती, पण तिचा आणि माझ्या उंचीचा काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नाही.

हॉलच्या भिंतीवर दरवर्षीच्या संघाचे फोटो लावलेले होते. आई विचारत असताना मी त्यांच्याकडे बघितलं. एकाही फोटोत उंच मुलगी नव्हती. इतकी वर्षं, इतक्या मुली, सगळ्या बुटक्या. मला वाटलं, याहून वेगळा पुरावा काय हवा? मी एवढ्या मुलींचं नुकसान केलं आणि वर बक्षिसं घेत फिरलो.

मी म्हणालो, "ताई, मला तसंच वाटतं. बंद करा तिचं. अजून वय आहे, वाढेल."

आईनं तोंडावर पदर धरला. "मीच पाटवली व्हती तिला," ती म्हणाली. "तिचा बाप नको म्हनत व्हता."

मुलगी आत बीमवर होती. तिला बोलावून मीच सांगितलं. तिनं वाद घातला नाही. फक्त चाचणी झाल्यावर बंद केलं तर चालेल का, असं विचारलं. मी नाही म्हणालो. ठाम राहणं हेच आता तिच्या भल्याचं आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. तिनं पायाच्या घोट्याची पट्टी सोडली, नीट गुंडाळली आणि माझ्या टेबलावर ठेवून गेली.

पुढच्या वर्षी मी जिम्नॅस्टिक्सचा वर्गच बंद केला. हेडमास्तरांना गुडघेदुखीचं कारण सांगितलं. बीम स्टेजच्या मागं गेला.

ती दहावी होऊन शाळेतून गेली. त्या काळात ती थोडी वाढली, हे मला लांबून दिसायचं, आणि माझा निर्णय बरोबर होता असं म्हणून मी जरा सुटका करून घ्यायचो. मग ती वाढायची थांबली, आईच्या उंचीच्या आसपास.

त्यानंतर दोनेक वर्षांनी शाळेत आरोग्य तपासणी होती. कर्जतहून मुलांच्या डॉक्टर आल्या होत्या. हॉलमध्येच त्या मुलांची उंची-वजनं घेत होत्या. चहाच्या वेळी त्या भिंतीवरचे फोटो बघत उभ्या राहिल्या आणि वर्ग का बंद पडला असं त्यांनी विचारलं. का कोण जाणे, गुडघ्याचं कारण मी त्यांना सांगितलं नाही. खरं ते सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही मुली निवडायचात कशा?"

मी भिंतीचा हिरवा पट्टा दाखवला. दाखवताना माझा हात वर होता, तो तिथंच राहिला.

"मग सर, त्या फोटोत उंच मुलगी येणार कुठून?" त्या म्हणाल्या. "व्हॉलीबॉलचा संघ पण तुमचाच ना? त्या मुली काय तुम्ही खेळवून उंच केल्यात?"

त्या हसत म्हणाल्या होत्या. मला हसता आलं नाही. मग त्यांनी आणखी विचारलं, ज्या मुली मधेच उंच झाल्या त्यांचं काय झालं? मला आठवल्या त्या. सहावी-सातवीत भराभर वाढल्या आणि बीमवर पडायला लागल्या, कोलांटी जड व्हायला लागली. त्या आपणहून कबड्डीला गेल्या, काहींना मीच पाठवलं. म्हणजे आधी मी पट्ट्यानं गाळल्या, नंतर खेळानं गाळल्या, आणि उरल्या त्यांचे फोटो काढून मी भिंतीवर लावले. आणि तेच फोटो मी त्या आईसमोर मनातल्या मनात साक्षीला बोलावले.

डॉक्टरांनी मला समजेल असं सांगितलं. असल्या खेळातल्या मुली बहुतेक आईवडिलांवरच गेलेल्या असतात, मुळातच लहान चणीच्या. बऱ्याचजणींची वाढ आणि पाळी उशिरा येते. उशिरा वयात येणाऱ्या मुली या खेळात जास्त टिकतात, हेही त्यामागचं एक कारण. वाढ उशिरा आली तरी शेवटची उंची सहसा घराण्याला साजेशीच होते. आणि व्यायामानं हाडं दबून माणूस बुटकं राहतं, असं काही नाही.

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं माहीत नाही, पण त्या लगेच पुढं म्हणाल्या, "फार तास सराव आणि पोटाला कमी, असं असलं तर मात्र वाढ मागं पडू शकते. मनगटं सारखी दुखत असली तर तेही बघावं लागतं. तुमच्याकडे तसं होतं का?"

रोज दीड-दोन तास सराव असायचा, तो काही फार नव्हता. पण स्पर्धेच्या आधी मी मुलींना म्हणायचो, भात कमी खा, वडापाव बंद. माझ्या दृष्टीनं ते नुसतं बोलणं होतं. त्या मुलीनं ते किती मनावर घेतलं होतं, मला ठाऊक नाही. मी डॉक्टरांना विचारलं, मग तिच्या बाबतीत काय झालं असेल?

"बहुतेक काहीच नाही. पण एका मुलीबद्दल आता कुणी छातीठोक सांगू शकणार नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हाच आणली असतीत, तर डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघता आलं असतं. वाढ किती बाकी आहे याचा अंदाज आला असता. आता वाढ संपली. आता बघून काय करणार?"

त्यांचा चहा संपला आणि त्या पुन्हा उंची मोजायला बसल्या. मी स्टेजच्या मागं जाऊन उभा राहिलो. बीमच्या कापडात उंदरांनी घर केलं होतं.

तिच्या घरी जायला मला त्यानंतरही बरेच महिने लागले. कधी परीक्षा, कधी भातकापणी चालू असेल म्हणून. शेवटी एका रविवारी गेलो. अंगणात पेंढा रचलेला होता. आईनं ओळखलं, आत बोलावलं. साखरेचा डबा वरच्या फळीवर होता, तो काढायला तिनं पाट ओढला आणि त्यावर चढली. मग त्या मुलीची धाकटी बहीण चहा घेऊन आली. तिनं जन्मात कधी कोलांटी मारलेली नव्हती. थोरली तिच्या शेजारी येऊन उभी राहिली तेव्हा दोघींच्या डोक्यांत फरक दिसत नव्हता.

थोरली आता कॉलेजला जाते, संध्याकाळी खोपोलीत एका मेडिकलच्या दुकानात बसते. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, माझ्या भाताच्या बोलण्यासकट. आई ऐकत होती. मधेच म्हणाली, "म्हंजे मी पाटवली म्हनून नाय ना झालं? मी रोज देवापुडं तेच म्हनते, मीच पोरीचं वाटोळं केलं." मुलगी म्हणाली, "आई, गप गं जरा." तेवढ्यात मामा आला. त्याला काय चाललंय ते सांगितल्यावर म्हणाला, "मास्तर, आता उगाळून काय उपेग?" आणि त्याचं खरं होतं. चाचणी देण्याचं तिचं वय गेलेलं होतं, आणि मी आणलेलं काहीच तिच्या कामाचं नव्हतं.

मुलीनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "सर, मी वाढले नाही तेव्हा मला वाटायचं, मी आधीच जास्त उड्या मारल्या. तुम्ही सांगितलं होतं वाढेल म्हणून, आणि मी वाढले नाही, म्हणजे माझ्यातच काही बिघडवून घेतलंय मी. त्या दिवशी तुम्हाला नक्की माहीत होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "माहीत नव्हतं. माझी भरती हुकली होती, ते दुखणं मी तुझ्यावर काढलं. तू लहान चणीची होतीस म्हणून मीच तुला निवडलं, आणि मग लहान राहिलीस म्हणून मीच तुझा खेळ काढून घेतला. तुझ्यात काही बिघडलं नव्हतं. तुझ्या आईचीही काही चूक नव्हती. मला माहीत नाही, एवढंच मी त्या दिवशी म्हणायला हवं होतं. ते मी म्हणालो नाही. मला माफ कर. ताई, तुम्हीही."