अहवालातल्या दोन ओळी

परदेशी गिऱ्हाइकानं नेमलेल्या तपासनिसाचं पाकीट आलं, की हुबळीच्या आमच्या मिरचीच्या पेढीत ते माझ्याच हातात पडायचं. बारा वर्षं मीच ते वाचून दाखवत होतो. त्या वर्षी मात्र आमच्या मालकांनी, अण्णांनी, ते नव्या केमिस्टच्या हातात दिलं. सप्तापुरात खोली घेऊन राहणारा, कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला पोरगा. "एनप्पा, काय म्हणतोय साहेब?" अण्णांनी कानडीतलं 'काय रे बाबा' लावून त्याला विचारलं आणि माझ्या पोटात दुखू लागलं.

सर्टिफिकेटवर लिहिलं होतं, माल करारानुसार नाही. मागे प्रयोगशाळेचा रिपोर्ट जोडलेला. मिरचीतली ओल साडेबारा टक्के, करारात जास्तीत जास्त अकरा. माल पास झाल्याचं सर्टिफिकेट असल्याशिवाय बँक निर्यातीचे कागद घेत नाही, पैसे अडकतात, आणि मुंबईहून बोट पंधरा दिवसांत सुटणार. अण्णांचा चेहरा उतरला. मला मात्र, खरं सांगतो, बरं वाटलं. वाच म्हणावं आता!

मग आठवलं. वाळलेली ब्याडगी मिरची पोत्यात दाबताना तुटते, म्हणून आदल्या संध्याकाळी तिच्यावर थोडं पाणी शिंपडायची आमच्याकडे रीतच आहे. गोदामाचं काम माझ्याकडे होतं. तपासनिसाला एकही मोडकी मिरची दिसू नये, या हौसेपोटी मी त्या खेपेला हात सैल सोडला होता.

केमिस्टनं रिपोर्टवर खाली बोट ठेवलं. "तुटलेल्या मिरच्या एक टक्कासुद्धा नाहीत," एवढंच म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. मी प्रत्येक आकडा करारातल्या आकड्याशी लावून बघायचो. एक ओळ दुसरीशी लावून मी कधी वाचलीच नव्हती. ओल इतकी आणि चुरा नाहीच, म्हणजे पाणी मारलंय, हे त्यानं बसल्या जागी ओळखलं होतं.

आता हा माझं नाव घेणार, बारा वर्षांची अब्रू गेली, म्हणून मी मान खाली घातली.

"अण्णा, उणकलचं गोदाम तळ्याकाठी. भिंतीची ओल लागली असणार," तो म्हणाला. "माल उन्हात पसरू आणि तपासनिसाला पुन्हा नमुने काढायला बोलावू."

तसंच झालं. चार दिवस मिरची पटांगणात वाळली, तपासनिसानं नव्यानं नमुने घेऊन सील केले, ओल साडेदहा भरली, नवं सर्टिफिकेट वेळेत बँकेत गेलं. त्या संध्याकाळी केमिस्ट माझ्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, "काका, पुढच्या वेळी पाणी जरा बेतानं."

आभार मानायला हवे होते. मी मान हलवली आणि टेबलावरची फाइल उघडली. त्यानं माझी अब्रू राखली, आणि मला त्याचं तोंडही बघवेना.