दिवसाला एकच मेसेज

मिल बंद पडल्यावरही बाबा कामगारांसाठी पत्रकं काढत राहिले आणि छापायला देण्याआधी मजकूर मला वाचून दाखवत राहिले. त्यामुळे दहा वर्षांची असताना मला ठाऊक होतं की पत्रक 'बंधुभगिनींनो' असं सुरू होतं, मधे तापतं आणि उद्गारचिन्हावर संपतं. पुढे कित्येक वर्षांनी छत्रीबागेतल्या आमच्या स्वयंपाकघरातून आई संकष्टीला उकडीचे मोदक विकायला लागली, इतर दिवशी थालीपीठ, अळूवडी असलं काहीबाही, तेव्हा मेसेजच्या ॲपवर तिचा चॅनेल मीच उघडला. लिहायची मीच.

'इंदूरकर बंधुभगिनींनो! महिनाभर न विटणाऱ्या पाकीटबंद मोदकांची गुलामी आणखी किती दिवस?' पुढे तीन परिच्छेद. मनात येईल तेव्हा सकाळी, मनात येईल तेव्हा संध्याकाळीही. मजकूर चांगला होता, हे मी आजही म्हणेन. फक्त प्रत्येक मेसेज पाहणाऱ्यांचा आकडा आधीच्यापेक्षा कमी दिसायचा. मेसेज आल्याची घंटी कोणी बंद केली हे चॅनेल सांगत नाही. मी समजूत करून घेतली की लोकांना वाचनाची सवयच राहिलेली नाही.

मग भावाचं लग्न झालं आणि वहिनी आली. देवासची. तिच्या मराठीत निम्मी हिंदी, आणि मराठीत तिने आयुष्यात पत्र लिहिलेलं नव्हतं. एकदा मला ताप आला म्हणून आईने तिच्याकडून मेसेज लिहवून घेतला.

'आज चंद्र ९:१४ ला (इंदूर). मोदक साडेपाचला गरम. दोनपर्यंत फोन करा.'

संपलं. ना नमस्कार, ना उद्गारचिन्ह. दुपारपर्यंत त्याखाली अंगठे आणि हात जोडलेले पंजे जमले. माझ्या गुलामीवाल्या मजकुराला एकच अंगठा आला होता, आणि तो मामाचा होता.

बाबांनी चष्मा वर करून तो मेसेज दोनदा वाचला. "सूनबाई," ते म्हणाले, "हे खरं पत्रक. गेटवर हातात कागद घेतलेला माणूस पहिली ओळ चालता चालता वाचतो. तीच कामाची पाहिजे."

मला हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. बहुतेक मी विचारलं नव्हतं. पण त्या क्षणी मला वहिनीचा इतका राग आला की ताप चढल्यासारखं वाटलं.

नंतर चॅनेल आपोआप तिच्याकडे गेला. तिचे नियम होते, न लिहिलेले. दिवसाला एकच मेसेज, अकरा वाजता, कारण तेव्हा पलासियाच्या ऑफिसांतले लोक पहिला चहा पिऊन फोन बघतात. नवं काही नसेल तर गप्प. आणि पदार्थ, वेळ हे पहिल्या ओळीत. "फोन बंद असतो ना दीदी, तब भी ऊपर एक ओळ दिसते," ती म्हणाली. "तुझ्यात तिथे रोज बंधुभगिनीच दिसायचे. आज काय बनलंय ते कळतच नव्हतं."

बरोबर होतं. म्हणूनच सहन होत नव्हतं. एका बँकेत काम करणारे, दोन वर्षांपूर्वी नाशिकहून बदलून आलेले एक गृहस्थ मोदक न्यायला यायचे. त्यांनी हसत सांगितलं, "मी तर घंटी बंद केली होती हो. चंद्राची वेळ यायला लागल्यापासून परत चालू केली." मी डबा बांधत होते. गाठ इतकी आवळली की त्यांना घरी कात्रीच लागली असेल.

पुढच्या संकष्टीला वहिनी सकाळीच देवासला गेली, दुपारी परतणार होती. अकराचा मेसेज ती तिथूनच टाकणार होती. चॅनेलवर लिहायचा अधिकार माझ्याही फोनवर अजून होता. मी आठलाच टाकला. तिच्याच पद्धतीने, पण तिच्याहून सरस, असं मला वाटलं. पहिल्याच ओळीत: 'आज चंद्रोदय ८:३८.' खाली मोदक, वेळ, आणि सारणातल्या गुळाबद्दल एकच तिखट वाक्य. तो पाहून तिने अकराला दुसरा टाकला नाही.

वेळ मी भिंतीवरच्या पंचांगातून घेतली होती. ते आईच्या माहेराहून, नागपूरहून येतं. मी उपास करत नाही, मानतही नाही. चंद्र तो चंद्र, एवढाच विचार केला असेल तर केला.

साडेतीनला जुनी इंदूर भागातल्या एका काकूंचा आईला फोन आला. आईने स्पीकर लावला. "काय गं, तुमचा चंद्र आज घाईत आहे का? आमच्याकडे आठ एक्कावन्न लिहिलंय. ढग आलेत, गच्चीवरून काही दिसायचं नाही. लोक तुमच्या भरवशावर पानं वाढतील की!"

आईने माझ्याकडे पाहिलं. दिवसभर उपाशी बसलेली माणसं चंद्राआधी उपास सोडणार, तेही आईच्या मोदकांवर. माझ्या लेखी तेरा मिनिटं, त्यांच्या लेखी अख्खा दिवस वाया. आणि परत आमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?

मी गुपचूप मेसेज उघडून आकडा बदलला. ८:५१. काही झालंच नव्हतं असं दिसायला लागलं. तेवढ्यात वहिनी पिशव्या घेऊन आत आली. तिने ऐकलं, फोन पाहिला.

"दीदी, एडिट केल्यावर कोणाचा फोन वाजतो का? सकाळी वाचलं ते परत कशाला उघडतील?"

"मग दुसरा टाकू? तुझा तर नियम आहे, दिवसाला एकच."

"अरे, नियम त्यांना त्रास नको म्हणून आहे ना? टाक."

"तूच टाक. तुला जमतं."

"चूक तुझी आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

मी पहिल्यांदा लिहिलं ते क्षमायाचना करणारं पत्रक झालं. 'अनवधानाने झालेल्या' इथपर्यंत आले आणि सगळं पुसलं. बंद फोनवर वर दिसणारी एक ओळ. त्या ओळीत माझी लाज मावत नव्हती, फक्त वेळ मावत होती. आई मोदकांना कळ्या पाडत मागे उभी होती.

'चंद्रोदय ८:५१ (इंदूर). सकाळची ८:३८ ही वेळ चुकीची, ती नागपूरची. उपास ८:५१ नंतरच सोडा.'

पाठवलं. पाहणाऱ्यांचा आकडा सरकायला लागला. दोन जणांनी हसरे चेहरे टाकले. काकूंनी हात जोडले. हात जोडणं चॅनेलला होतं. चॅनेलवर लिहिणाऱ्याचं नाव दिसत नाही, याचा मला आधी कधी त्रास झाला नव्हता.

सहाला बँकेवाले आले. आमच्या वहिनीसमोर सगळे हिंदीत शिरतात, तसे तेही शिरले. "भाभीजी, वो नागपूरवाला मैसेज सही टाइम पे आया. मिसेसने तो आठ चाळीस का अलार्म लगा रखा था. और लिखा भी एकदम साफ, कोई बहाना नहीं."

"वो दीदीने लिखा है," वहिनी मोदक भरत म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "अच्छा! तुम्हीपण लिहिता का?"

'तुम्हीपण'! पाच महिने त्यांच्या फोनवर मीच तर लिहीत होते. आणि वहिनीने इतक्या सहज नाव सांगितलं, याचाही मला हेवा वाटला. तिच्या जागी मी असते तर गप्प बसले असते.

"हो," मी म्हटलं.

ते गेल्यावर तिने हात धुतले, पदराला पुसले. "पुढची संकष्टी तू लिहितेस? पण पंचांग इंदूरचं घे."

चॅनेल मी उघडला होता. तो मला देण्याचा हक्क तिच्याकडे कधी गेला, ते मला कळलंच नव्हतं. तोंडावर सुनावावंसं वाटलं. अकरा वाजता पाठवायचं की साडेदहाला, एवढंच मी विचारलं.

"अकरा," ती म्हणाली.