चिठ्ठीताईंचे चोपन्न

ऑफिसात त्यांना चिठ्ठीताई म्हणत. तोंडावर ‘ताई’ आणि पाठीमागे ‘चिठ्ठी’, एवढाच काय तो फरक. वय एक्कावन्न, चष्मा कपाळावर आणि शोध टेबलाखाली. आयुष्यात त्यांनी एकच काम मन लावून केलं होतं, ते म्हणजे लोकांना पत्रं लिहिणं. आधी एका शिलाई मशीनच्या कंपनीत तक्रारींना उत्तरं लिहीत. त्यांचं उत्तर वाचून एका बाईने म्हणे तक्रार मागे घेतली आणि मुलीच्या लग्नाला बोलावलं. खरंखोटं त्यांनाच माहीत, पण गोष्ट त्या रंगवून सांगत.

आता त्या मास्तरीणबाईंकडे होत्या. मास्तरीणबाईंनी तीस वर्षं बायकांना कपडे बेतायला शिकवलं आणि मग तेच शिकवणं ऑनलाइन विकायला काढलं. ऑफिस म्हणजे दोन खोल्या. एकीत कापडाचे गठ्ठे आणि कॅमेरा, दुसरीत तीन टेबलं. चिठ्ठीताई दर शुक्रवारी जुन्या विद्यार्थिनींना ईमेलने पत्र पाठवत. बाही का फुगते, गळा का उसवतो, आणि मध्येच स्वतःच्या नवऱ्याच्या विजारीची एखादी दुर्दशा. लोक वाचत. पण वाचून काय करत, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या टेबलावर बसे भोंगा. ऑनलाइन जाहिराती तो बघे, आणि आवाज असा की त्याने फोनवर ‘हॅलो’ म्हटलं तर समोरच्याला फोनची गरज पडू नये.

नव्या कोर्ससाठी मास्तरीणबाईंनी मोफत वेबिनार ठेवला, आणि आदल्या आठवड्यात सरळच म्हणाल्या, “ताई, तुमचं पत्र छान असतं हो. पण आठवड्यातला दीड दिवस त्यात जातो. वेबिनार होऊ दे, दहा दिवस विक्री चालू दे. मग कोण कुठून आलं, किती बसले, किती जणांनी कोर्स घेतला, याचा अहवाल तुम्हीच करा. त्यावर ठरवू, पत्र ठेवायचं की नाही.”

पत्र गेलं की चिठ्ठीताईही गेल्या, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो स्वतःच्या चष्म्याच्या दुकानातून नुकताच आला होता. “गुन्हेगारालाच पंचनामा करायला सांगितलाय,” तो म्हणाला. “सोप्पं आहे की!”

“तुम्ही जेवा,” ताई म्हणाल्या.

वेबिनार झाला, दहा दिवस सरले. मंगळवारी ताई आकडे घेऊन बसल्या. नोंदणी अठराशे: भोंग्याच्या जाहिरातींतून चौदाशे, शिलाई मशीनच्या एका दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून तीनशे दहा आणि पत्रातून फक्त नव्वद. हजेरी पाहिली. जाहिरातवाले तीनशे बावीस आले, दुकानवाले नव्व्याण्णव, पत्रवाले एकोणपन्नास. म्हणजे पत्रवाल्यांतले निम्म्याहून जास्त आले, जाहिरातवाल्यांतला चारातला एकही धड नाही. मग विक्री. एकूण बासष्ट. दुकान तीन, जाहिराती पाच, पत्र चोपन्न!

ताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चोपन्नच. त्यांना एकदम खुर्ची मऊ लागू लागली. नवऱ्याला लगेच मेसेज गेला: ‘पत्रातून चोपन्न!’

भोंग्याने मान लांब करून ते पाहिलं आणि तो आयुष्यात पहिल्यांदाच हळू बोलला. “पाच? चौदाशेंतून पाच?” चेहरा असा पडला की ताईंनाच कसंसं झालं. जाहिरातींवर पैसे ओतलेले, आता खापर कुणाच्या माथी फुटणार हे उघड होतं. त्याला घरी दोन महिन्यांची मुलगी होती.

संध्याकाळी बसमध्ये ताई मनातल्या मनात मास्तरीणबाईंना भाषण ठोकत होत्या. चोपन्न म्हणता म्हणता मध्येच अडकल्या. पत्रवाले हजर किती? एकोणपन्नास. आणि विकत घेणारे चोपन्न? वर्गात एकोणपन्नास बसले आणि पास झाले चोपन्न?

मनाने लगेच वकिली सुरू केली: पाच जणांनी नंतर रेकॉर्डिंग पाहून कोर्स घेतला असेल, होतं असं. पण मग आलेल्या एकोणपन्नासांतल्या एकूण एकाने घेतला? इतकं गुणी गिऱ्हाईक जगात नसतं, हे तक्रारखात्यात सतरा वर्षं काढलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं.

बुधवारी त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या आणि चूक तासाभरात सापडली. चूक भोंग्याची नव्हती, कॉम्प्युटरचीही नव्हती, त्यांचीच होती. प्रत्येक लिंकच्या शेपटाला एक खूण असते, माणूस कुठून आला ते सांगणारी, आणि विक्री शेवटी दाबलेल्या लिंकच्या नावावर पडते. ‘उद्या वेबिनार’, ‘तासाभरात सुरू’, ‘रेकॉर्डिंग इथे’, ‘आज शेवटचा दिवस’ हे मेल ताईंनीच अठराशेच्या अठराशे लोकांना धाडले होते. कसे? सवयीप्रमाणे शुक्रवारच्या पत्राची नक्कल काढून, मजकूर बदलून. लिंकची शेपूट तशीच राहिली होती: पत्र. त्यामुळे जाहिरात पाहून आलेली बाईही आठवणीच्या मेलमधून कोर्स घ्यायला गेली, की ताईंच्या खात्यात जमा!

गप्प बसलं असतं तर? ताईंनी तोही विचार केला, उगाच साध्वी बनवू नये कुणाला. चांगला पाच मिनिटं केला. मग खुर्ची फिरवून नुकत्याच आलेल्या भोंग्याला हाक मारली, “ए, इकडे ये. माझा गाढवपणा बघायला पैसे पडत नाहीत.”

दोघांनी मिळून बासष्ट गिऱ्हाइकांचे ईमेल नोंदणीच्या यादीशी लावले. प्रत्येकाने पहिल्यांदा नाव कुठून घातलं ते शोधलं. तीन बायकांनी पैसे भरताना नवऱ्याचा ईमेल दिला होता, त्या फोन नंबरवरून पकडल्या. नवा आकडा आला: जाहिराती एकतीस, दुकान बारा, पत्र एकोणीस.

“एकतीस!” भोंग्याचा आवाज परत आला. खिडकीतलं कबुतर उडालं.

ताईंसाठी मात्र चोपन्नावरून एकोणिसावर येणं म्हणजे जिन्याची पायरी चुकण्यासारखं. तसाच कागद घेऊन त्या आत गेल्या आणि आधी चूक सांगितली, मग आकडे.

मास्तरीणबाई कापडावर खडूने रेघ मारत होत्या. कागद त्यांनी दोनदा वाचला. “म्हणजे तुमच्या नव्वदांतल्या एकोणीस जणींनी घेतला?”

“हो.”

“पाचातली एक.” खडू थांबला. “आणि जाहिरातीतून पंचेचाळिसातली एक. मग ताई, रडका चेहरा कशाला?”

“काल चोपन्न होते.”

“कालचं मी पाहिलंच नाही! आणि पाहिलं असतं ना, तर त्या पोराच्या सगळ्या जाहिराती बंद केल्या असत्या. एकतीस गिऱ्हाइकं घालवून बसले असते मी.” दाराबाहेर कान लावून उभ्या असलेल्या भोंग्याने सोडलेला श्वास आतपर्यंत ऐकू आला. “आत ये रे, चोरासारखा उभा राहू नकोस. पत्र चालू राहील. तुझ्या जाहिरातीही. पण तुझे हजारावर लोक नाव घालून आलेच नाहीत, त्यांचं काय?”

“त्यांना ताईंचं पत्र पाठवू या ना,” भोंगा म्हणाला. “नोंदणी केल्या केल्या. मीच सांगणार होतो.”

“तू कधी सांगणार होतास?” ताई म्हणाल्या. “चेहरा तर सुतकी होता तुझा.”

“तुमचा काय कमी होता?”

मास्तरीणबाईंनी दोघांनाही हाकललं.

ताईंनी बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला. “मी चुकले होते, पत्रातून चोपन्न नाही, एकोणीसच,” त्या एका दमात म्हणाल्या. तो चाचरत म्हणाला, “जाऊ दे गं. आपलं भागेल माझ्या दुकानावर.”

तेव्हा कुठे ताई हसायला लागल्या, आणि इतक्या हसल्या की पुढचं सांगायलाच जमेना. बिचारा फोनवर “अगं रडू नको, रडू नको” म्हणत राहिला.