सतरा अपंग मुलांचा विभाग

रोह्याजवळ धाटावच्या आमच्या केमिकल कंपनीत एकाच विभागात सतरा कामगार, आणि सरकारदरबारी त्या सतराही जणांना एकेक अपंग मूल. असा विभाग साऱ्या महाराष्ट्रात दुसरा सापडायचा नाही. ही मोरू एजंटची करामत. कॅन्टीनच्या टेबलावर लॅपटॉप मांडून त्याने अख्ख्या शिफ्टची विवरणपत्रं एका बैठकीत भरली. घरच्या तीव्र अपंगासाठी सव्वा लाखाची वजावट, कापलेला कर पुरता परत आणि मोरूला त्यातले वीस टक्के. एकाचं बघून दुसऱ्याने भरायचं ही आमची जुनी खोड. शहाणपणा शिकवत नाही, त्या सतरांत मीही होतो.

पहिलं पत्र आलं ते हिरामणला. हिरामण म्हणजे आमचा रिअ‍ॅक्टरवाला. वीस वर्षं ॲसिडच्या वाफेत उभा राहिला, पण पोलीस रस्त्यात दिसला की हेल्मेट घालूनही गाडी वळवणारा. पत्र पनवेलच्या आयकर अधिकाऱ्याचं होतं. अपंगाची वजावट आणि विम्याचा हप्ता, दोन्ही संशयास्पद. पुरावा द्या, नाहीतर ३१ मार्चच्या आत अद्ययावत विवरणपत्र भरून चुकीने मिळालेला रिफंड व्याजासकट परत करा. उत्तराला पंधरा दिवस.

हिरामणची झोप उडाली. दारात पोस्टमन दिसला की तो मागल्या दाराने निघून जायचा. "मला आत टाकतील गो," असं तो बायकोला, पुतळीला, सारखा म्हणायचा. मला त्याचा राग यायचा. खरं तर भ्यालेला मीही होतो.

मोरूकडे तोड तयार होती. त्याने मोबाईलवर निरोप धाडला: "ऐंशी टक्के अपंगाचा दाखला मागच्या तारखेचा करून देतो. पोरीचा फोटो आन् आधार आण."

हिरामणने कपाट उघडलं. लेकीचे, रंभाचे फोटो होते, पोलीस भरतीच्या अर्जासाठी काढलेले. एकवीस वर्षांची ही पोर रोज पहाटे कुंडलिकेच्या काठाने पाच किलोमीटर धावायची. त्यातला एक खिशात घालतो तोच ती दारात उभी.

"माझा फोटो कशाला, बाबा?"

तिने टेबलावरचं पत्र उचललं, दोनदा वाचलं. मोरूचा निरोप हिरामणच्या मोबाईलवर होता, तोही वाचला.

"मी ऐंशी टक्के अपंग? असा दाखला निघाला तर मला भरतीच्या मैदानात तरी घेतील काय?"

पुतळी रडायला लागली. रंभाने वडिलांच्या खिशातून फोटो काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पेणला नेलं, पुंडलिक या म्हाताऱ्या कर सल्लागाराकडे.

पुंडलिकांनी सगळे कागद पाहिले. "विम्याच्या पावत्या हायत?" हिरामणने पिशवीतून गठ्ठा काढला.

"झ्याक. इथं साहेब चुकले, इथं आपण भांडायचं. पावत्या जोडू. पण अपंगाचं खोटं हाय, ते कबूल करून पैसे भर. रिफंड, त्यावर व्याज, आन् या सगळ्यावर वर पंचवीस टक्के जादा कर. मार्च गेला तर पन्नास. दाखला केलास तर मात्र खोटा कागद केल्याचा गुन्हा, त्यात मी नाय."

"मंग आत नाय टाकणार?"

"आपणहून भरलंस तर बहुतेक नाय. शब्द मी देत नाय, मी काय साहेब नाय."

कंपनीच्या पतपेढीतून कर्ज काढायचं ठरलं. पुंडलिकांनी उत्तर टाईप केलं आणि वाचून दाखवलं: विम्याचा हप्ता खरा आहे, पावत्या सोबत, अपंगत्वाची वजावट एजंटने करदात्याच्या नकळत दाखवली, ती मागे घेत आहोत.

हिरामण घाईघाईने मान हलवू लागला. नकळत! त्याला हवा होता तोच शब्द.

रंभाने विचारलं, "माझं नाव मोरूला कुठून कळलं, बाबा?"

पुंडलिक चष्मा पुसू लागले.

"त्यानं इचारलं, कुणाचं नाव घालू," हिरामण जमिनीकडे बघत म्हणाला. "मी हसून बोललो, पोरीचं घाल."

त्यानंतर त्यानेच पुंडलिकांना 'नकळत' काढायला लावलं. 'मुलीचे नाव मी स्वतः दिले. ती धडधाकट आहे.' असं लिहवून घेतलं आणि सही केली. उत्तर पोर्टलवर चढलं, चलन भरलं, फेब्रुवारीत नवं विवरणपत्रही गेलं. विम्याचा हप्ता अधिकाऱ्याने मान्य केला, आणि आजवर तरी पुढचं पत्र आलेलं नाही. पाठोपाठ आम्ही सोळा जण त्याच वाटेने पेणला गेलो.

पण सही केली त्या दिवशी पेणहून परतीच्या एसटीत रंभा पुढच्या सीटवर जाऊन बसली. रोह्यापर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि तिला हाक मारायची हिंमत हिरामणला झाली नाही.