पाठ कापण्याआधी

मला लिहायची सवय नाही. छापखान्याच्या काउंटरवर तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका तपासल्या. हे लिहितोय ते माझ्या एका चुकीमुळे, आणि ती निस्तरणाऱ्या काकूंमुळे.

काकू आमच्या बाइंडर. खिडकीजवळ बसून फर्मे शिवायच्या. फर्मा म्हणजे मोठा छापील कागद घड्या घालून केलेली सोळा पानांची जुडी. आम्ही त्यांना सुईकाकू म्हणायचो. सुईपेक्षा जीभ जास्त टोचते, हे त्या स्वतःच सांगायच्या.

एकदा व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई आल्या. आधी त्यांची बत्तीस पानांची पुस्तिका आम्ही केली होती, मधल्या घडीवर दोन पिना मारून. स्वस्त, आणि स्टँडवर सपाट पडणारी. आता त्यांचं आयुष्यभराचं काम होतं : धड्यांचं पुस्तक, दोनशे अठ्ठ्याऐंशी पानं, दोनशे प्रती.

"तशीच पिन मारा ना," बाई म्हणाल्या.

मी म्हणालो, "इतक्या जाडीला पिन चालत नाही. परफेक्ट बाइंडिंग करू. गोंदावर चिकटवायचं. दिसायला छान, शिलाईच्या निम्म्या खर्चात."

"उघडेल ना नीट?"

"उघडेल की," मी म्हणालो. काकूंना विचारलं नाही. बाईंजवळ पैसे मोजके होते, आणि मला त्यांना नाही म्हणवेना.

छपाई झाली, घड्या झाल्या, एक प्रत नमुन्यासाठी गोंदावर चिकटवली, आणि बाई ती बघायला आल्या. त्यांनी पुस्तक स्टँडवर ठेवलं, व्हायोलिन खांद्याला लावलं. दोन ओळी वाजल्या असतील. पुस्तक आपोआप मिटलं. बाईंनी ते दाबून उलटं मोडलं, तशी पाठ कडकन वाजली आणि चार पानं खाली आली.

बाई पानं गोळा करून क्रमाने लावत बसल्या.

मशीनवर पुढचा गठ्ठा चढत होता. काकू उठल्या आणि गठ्ठ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काकू, हात काढा. काम खोळंबतंय," मालक म्हणाले.

"खोळंबू दे. हे मशीन आधी फर्म्याची पाठ कापतं. घडी गेली की सगळी पानं सुटी, मग नुसत्या गोंदाच्या भरवशावर. एकदा पाठ कापली की सुईला धरायला काय उरतं, माझं कपाळ?"

"मग पातळ भाग करा, पिन मारा."

"पिनेला फर्मे एकात एक घालावे लागतात. हे एकापुढे एक छापलेत, घातले तर आठव्या पानानंतर सतरावं येईल. आणि सगळे एकत्र घातले तर पुस्तक फुगेल, आतली पानं पुढे येतील. कडा सारख्या करताना सूरच कापले जातील."

"गोंद काय वाईटच असतो का?"

"वाईट कसा? कथा-कादंबरी हातात धरून वाचायची, तिला उत्तम. पण हिचे दोन्ही हात वाजवण्यात. पुस्तक धरणार कोण, तुम्ही?"

मालक हसले. मी मात्र मान खाली घातली होती. बाई हळूच म्हणाल्या, "शिलाईचे पैसे नाहीत हो माझ्याकडे."

"दोनशेचे नाहीत. शंभरचे आहेत," काकू म्हणाल्या. "शंभर आत्ता शिवते. एक नमुन्यात गेली, बाकीच्या नव्व्याण्णवचे फर्मे बांधून ठेवू. खपतील तशा शिवू. कागद काही खायला मागत नाही."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "चूक माझी आहे." आयुष्यात एवढं मोठ्याने मी क्वचितच बोललो असेन.

शंभर प्रती शिवायला काकूंना बारा दिवस लागले. प्रत्येक पुस्तक त्या मधोमध उघडून टेबलावर सोडायच्या, हात न लावता. मिटलं नाही की पुढचं.

चार वर्षांनी बाई उरलेल्या प्रतींसाठी आल्या. पहिल्या शंभर प्रतींपैकी एकीचंही पान सुटलं नव्हतं, नुसते कोपरे मळले होते. पण काकूंची बोटं आता आखडली होती. मीही निवृत्त झालो होतो.

"भाऊ, रिकामेच आहात ना? या इकडे," काकूंनी निरोप धाडला.

मी गेलो. सत्तर त्यांनी शिवल्या, उरलेल्या मी, त्यांच्या शिव्या खात. "दोरा ओढा, पण कागद फाडू नका. बैल हाकताय का?"

माझं पहिलं पुस्तक पाठीत किंचित वाकडं झालं. मी ते लपवणार होतो. काकूंनी ओढून घेतलं, मधोमध उघडलं आणि टेबलावर सोडलं.

आम्ही दोघंही बघत राहिलो. ते मिटलं नाही.

"वाकडं आहे," मी म्हणालो.

"आहेच," काकू म्हणाल्या. "पुढचं घ्या."