गिअरबॉक्स फिरवून दाखवा

तुमची आई इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रोजेक्टसाठी तिला एक अख्खा गिअरबॉक्स कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर आराखडे काढायच्या प्रोग्राममध्ये, उभा करायचा होता. कॉलेजच्या लॅबमध्ये नंबर लागेपर्यंत संध्याकाळ व्हायची, म्हणून घरी कॉम्प्युटर घ्यायचा ठरला. मी महिनाभर मासिकं वाचली, पेन्सिलीने खुणा केल्या आणि तज्ज्ञ झाले.

खडकीहून आम्ही दोघी कसबा पेठेतल्या दुकानात गेलो. सुटे भाग घेऊन तिथेच मशीन जोडून देत.

"ग्राफिक्स कार्ड नको," मी गेल्या गेल्या म्हणाले. "ते गेम्ससाठी असतं. त्या पैशात दुप्पट मेमरी घाला."

"आई, मॉडेल फिरवायला कार्ड लागतं गं!"

"मासिकात स्पष्ट लिहिलंय."

"मासिकाच्या संपादकांना प्रोजेक्ट करायचाय का?"

साडीसुद्धा मी उजेडात नेऊन पाहते. तेव्हा दुकानदाराला म्हटलं, आधी माझ्या पद्धतीने जोडा. त्याने निमूटपणे कार्डाशिवाय, दुप्पट मेमरीचं मशीन जोडलं. तुमच्या आईने लॅबमधून आणलेली सीडी घातली. गिअरबॉक्स उघडला तर झोकात. पण फिरवायला गेलं की एकदा इकडे, मग विचार करून तिकडे.

"काकू, बघून झालं?" दुकानदार म्हणाला. "की मासिकात आणखी काही आहे?"

मग मेमरीची एक पट्टी काढून त्याने मधल्या किमतीचं कार्ड बसवलं. तोच गिअरबॉक्स लोण्यासारखा फिरू लागला. उघडायला जरासा जास्त वेळ लागला, पण मेमरीची एक जागा रिकामी होती. "ती पुढे भरता येईल," तुमची आई म्हणाली. मीही मान डोलावली, जणू ते मीच सुचवलं होतं.

माउस तरी मी निवडणारच होते. चंदेरी, नाजूक, हातात बसणारा. मी बाण इकडेतिकडे फिरवून पाहिला. उत्तम!

"आता मधलं चाक दाबून धर आणि गिअरबॉक्स फिरव," तुमची आई म्हणाली.

चाक दाबायला इतकं घट्ट होतं, की जोर लावताना ते दाबलं न जाता गरकन फिरलं. गिअरबॉक्स लहान होत होत तिळाएवढा झाला.

"कुठे गेला?" मी विचारलं.

"हिंजवडीला," तुमची आई म्हणाली. "नोकरी लागली त्याला."

शेवटी ओबडधोबड काळा माउस घेतला. त्याचं चाक बोट टेकवलं की दाबलं जायचं. प्रोजेक्ट घरच्या टेबलावर वेळेत पूर्ण झाला.

त्या मशीनवर खेळ मात्र एकाच माणसाने खेळले. रोज दुपारी, जेवणानंतर, पत्त्यांचा डाव लावून. पत्त्यांना ग्राफिक्स कार्ड लागत नाही, हे तुमची आई मला अजून फोनवर ऐकवते.