मंगळवारचा रक्तदाब

आमच्या तक्तेकाकांना कुणी ‘कसे आहात?’ विचारलं, तर ते आधी ‘कुठल्या तारखेला?’ असं विचारतील. इतका संशयी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. चहाचा कप रिकामा आहे हेसुद्धा ते दोनदा वाकून बघतात.

आमचं ऑफिस म्हणजे हॉस्पिटलच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या. घरी पडून असलेल्या म्हाताऱ्या पेशंटांकडे नर्सेस पाठवायचं आमचं काम. कुठली सिस्टर कुठल्या वारी कुणाकडे जाईल, हे मी ठरवते. काका सांभाळतात तो पेशंटांचा तक्ता, कॉम्प्युटरमधला. रोज सकाळी साडेसहाला नोंदणी विभागाकडून त्या घडीची पूर्ण यादी येते, तिला स्नॅपशॉट म्हणतात. त्यावरून आमचा तक्ता ताजा होतो. आमच्याकडे एक रकाना जास्त आहे, टिपांचा. तो सिस्टर लोक भरतात. ‘मागच्या दाराने या.’ ‘कुत्रा भुंकतो, चावत नाही.’ ‘घंटा वाजवू नका, त्यांना झोप लागलेली असते.’

एका सोमवारी काका माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“त्यांच्या यादीत तीनशे बारा, आपल्याकडे तीनशे सत्तेचाळीस. पस्तीस माणसं उरतात कशी?”

“मला काय विचारता? तक्ता तुमचा.”

मग त्यांनी मला समजावलं, आणि निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. आमच्याकडे मर्ज चालायचं. म्हणजे पेशंटचा नंबर दोन्हीकडे सापडला तर आमची ओळ दुरुस्त होते, नवा नंबर आला तर नवी ओळ पडते. पण जो आमच्याकडे आहे आणि त्यांच्या यादीतून गेलाय, त्याचं काय करायचं हे सांगितलेलंच नव्हतं. न सांगितलेलं काम मशीन करत नाही. बरे झालेले, गाव सोडून गेलेले, वारलेले, सगळे आमच्याकडे ठाण मांडून बसलेले. त्यातल्या चौतिसांना मी ओळखून होते, त्यांच्याकडे कुणाला पाठवतच नव्हते. राहिला एक.

“हे आजोबा चार महिन्यांपूर्वी वारले,” काका म्हणाले. “नोंदणीवाल्यांना विचारून आलोय. मग त्यांचा रक्तदाब दर मंगळवारी कसा नोंदवला जातो? गेल्या आठवड्यात एकशे सत्तर!”

मी आ वासून बघत राहिले. आमच्या ऑफिसच्या प्रमुख मॅडमनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “रोज सगळं डिलीट करा आणि स्नॅपशॉट पुन्हा भरा. जुनं काही राहायलाच नको.”

“पण टिपा...”

“काका, आजपासून!”

काकांनी आधी तक्त्याची कॉपी काढून ठेवली. न काढते तर ते काका कसले! पुसणं आणि भरणं एकाच दमात होईल असं बांधलं, म्हणजे मध्येच कुणाला रिकामा तक्ता दिसायला नको. मंगळवारी सकाळी आकडा तंतोतंत तीनशे बारा. काका मिनिटभर खूश होते.

मग फोन सुरू झाले. एक सिस्टर फाटकात कुत्र्यासमोर उभी. दुसरी दहा मिनिटं पुढचं दार वाजवतेय. टिपा साफ! त्या नोंदणीच्या यादीत कधी नव्हत्याच, तिथून परत येणार कुठून? काकांनी कॉपी उघडून नंबर जुळवत दुपारपर्यंत टिपा पुन्हा चढवल्या. तेवढ्यात झपझप सिस्टर आली. तिचं चालणं तसं, म्हणून हे नाव.

“माझं मंगळवारचं घर कुठं गेलं?” ती माझ्यावरच ओरडली.

“ते आजोबा वारलेत,” काका म्हणाले.

“माहितीये मला!”

सिस्टर खुर्चीवर बसली. “तो रक्तदाब आजींचा आहे. ते गेल्यावरच्या मंगळवारी यादीत नाव होतं, म्हणून मी गेले. दार उघडलं तर आजी एकट्या. सहज बीपी बघितलं तर एकशे नव्वद. हॉस्पिटलला चला म्हटलं तर येत नाहीत. मुलगा परदेशात. मग मी जात राहिले. डॉक्टरांना विचारून गोळ्याही सुरू केल्या.”

“दुसऱ्याच्या नावावर?” काका ताडकन उठले. “वारलेल्या माणसाच्या ओळीत?”

“मग कुठं लिहू? त्यांची ओळ कुठे होती?”

मला हसावं की रडावं कळेना. सिस्टरने खोटं लिहिलं हे खरं, आणि आजी जिवंत आहेत हेही खरं. ती गेली नाही तर आजींच्या गोळ्या कोण बघणार? पुटपुटत काकांनी आजींची ओळ स्वतःच्या हाताने आमच्या तक्त्यात घातली, आणि सिस्टर झपझप निघून गेली.

बुधवारी सकाळी बघते तर ये रे माझ्या मागल्या. टिपा पुन्हा गायब, आजीही गायब. साडेसहाला तक्ता पुसला गेला, भरला गेला, आणि यादीत आजी नव्हत्याच.

“मीच लिहिलं, मीच पुसलं,” काका म्हणाले. एवढा गोंधळलेला चेहरा मी त्यांचा पहिल्यांदा पाहिला. “मर्ज ठेवलं तर मेलेले राहतात. पुसून भरलं तर जिवंत जातात.”

मॅडमसमोर मात्र ते ठाम उभे राहिले. मर्जच परत आणायचं, जुनी कॉपी जागेवर ठेवायची, आणि एक गोष्ट नव्याने सांगायची: यादीत जो नाही त्याची ओळ पुसू नका, तिला ‘बंद’ची खूण करा आणि तारीख घाला. बंद माणूस फेरीत येणार नाही, पण त्याच्या टिपा राहतील. मॅडम म्हणाल्या, “मग आजी?” काका म्हणाले, “त्यांना नोंदणीतच आणावं लागेल. इथे कितीही वेळा लिहा, दुसऱ्या दिवशी ‘बंद’ होतील.”

नोंदणीच्या अर्जावर डॉक्टरांची सही हवी आणि पेशंटची. डॉक्टरांची मिळाली. पेशंटच्या सहीसाठी गुरुवारी काका सिस्टरबरोबर स्वतः गेले. अकरा वर्षांत त्यांनी एकही पेशंट पाहिला नव्हता. मीही मागे लागून गेले, काय होतंय ते बघायला.

आजींनी अर्ज चष्म्याजवळ धरून वाचला. मग काकांना विचारलं, “तुम्ही कोण?”

“मी यादी ठेवतो.”

“म्हणजे यांचं नाव तुम्ही काढलंत.”

काकांनी मान हलवली.

“सिस्टर म्हणायची, कागदावर अजून आहेत ते,” आजी म्हणाल्या. “तेवढंच बरं वाटायचं.” आणि सही केली.

परतल्यावर काकांनी अर्ज स्वतः नोंदणी विभागात नेऊन दिला.

पुढच्या मंगळवारी स्नॅपशॉटमध्ये तीनशे तेरा आले. आजींची ओळ नव्याने पडली होती, टिपेचा रकाना रिकामा. आजोबांची ओळ वर तशीच होती, बंद, तारखेसकट. तिची टीप होती, ‘घंटा वाजवू नका, त्यांना झोप लागलेली असते.’

टिपा फक्त सिस्टर लोक लिहितात, हा नियम काकांचाच. तरी त्यांनी झपझप सिस्टरला विचारून, दोन बोटांनी, एकेक अक्षर बघून आजींच्या रकान्यात लिहिलं:

‘घंटा वाजवा. त्या वाट बघत असतात.’